नट घट्ट होता, तरी थेंब थांबेना

सिंकखाली मी एक स्टीलची वाटी ठेवली होती. दर चाळीस सेकंदांनी त्यात एक थेंब पडायचा. घड्याळ लावून मोजलं होतं, म्हणून आकडा पक्का आहे. वीस थेंबांचा एक मिलिलिटर धरला तर दिवसाकाठी शंभरच्या आसपास मिलिलिटर होतात. ऐकायला हे काहीच नाही, पण सिंकखालच्या कपाटाचा तळ प्लायचा होता आणि प्लाय असलं पाणी गपचूप पीत राहतं. दोन दिवसांत वाटीशेजारचा कोपरा फुगून वर आला.

ही गळती मी स्वतःच्या हातानं आणली होती. सिंकच्या गार पाण्याच्या नळाला खालून पाणी बंद करायचा जो छोटा कॉक असतो, तो जाम झाला होता. दोन्ही हातांनी पिळला तरी फिरत नव्हता. भिंतीतून पंधरा मिलिमीटरचा तांब्याचा पाइप बाहेर येतो, त्याच्या टोकाला हा कॉक, आणि कॉकच्या वरच्या तोंडाला जाळीची लवचिक नळी, जी वर नळाला जाते. एवढीच रचना. कॉक पाइपला कंप्रेशन जोडानं बसवलेला होता, म्हणजे ना डाखकाम ना चिकटवणं, फक्त एक नट आणि आत एक पितळी रिंग. तिला फेरूल म्हणतात, काही जण ऑलिवही म्हणतात. मी नवा कॉक आणला. घरातला मुख्य व्हॉल्व्ह बंद केला, खालच्या मजल्यावरचा नळ सोडून पाइपमधलं उरलंसुरलं पाणी काढून टाकलं, आणि जुन्या कॉकचा नट उलटा फिरवला. कॉक सहज निघाला. जुना नट आणि ती फेरूल मात्र पाइपवरच राहिली. फेरूल पाइपला अशी चिकटली होती की पकडीनं ओढली तरी हलेना, आणि फेरूल निघाल्याशिवाय नट निघत नाही, कारण तो तिच्या मागे अडकलेला असतो.

नव्या कॉकच्या डब्यात नवा नट आणि नवी फेरूल होती. मी त्यांच्याकडे पाहिलं, पाइपवरच्या जुन्या जोडीकडे पाहिलं आणि ठरवलं की कशाला तो खटाटोप. जुना नट नव्या कॉकच्या आट्यांवर सुरुवातीला बोटांनी छान फिरला, म्हणजे आटे जुळत होते. मग अडचण काय? नवा नट आणि नवी फेरूल मी पिशवीत टाकून दिली.

पाणी सोडलं तर नटाच्या मागून बारीक धार लागली. पाना घेऊन अर्धा फेरा आवळला. धारेचे थेंब झाले. आणखी पाव फेरा दिला, थेंब विरळ झाले. इथेच मी फसले. प्रत्येक वेळी आवळल्यावर गळती कमी होत होती, म्हणजे अजून थोडं आवळलं की ती थांबणारच असं कुणालाही वाटेल. रात्री झोपताना कागद टेकवून पाहिला तर कोरडा होता. सकाळी वाटीच्या तळाशी पाणी होतं. त्यामागचं कारण नंतर कळलं. रात्री घरात कुणी पाणी वापरत नाही, नळ सगळे बंद असतात, त्यामुळे पाइपमधला दाब दिवसापेक्षा जास्त राहतो. म्हणून अशा जोडाची परीक्षा नळ सोडून नाही, नळ बंद ठेवून करायची असते.

सकाळी मी लांब दांड्याचा पाना आणला. या वेळी नट जेमतेम पाव फेरा हलला आणि त्यालाही सगळा जोर लागला. थेंब वाढले. दर चाळीस सेकंदांचा थेंब आता दहा सेकंदांवर आला. आवळून गळती वाढते हे माझ्या डोक्यात बसत नव्हतं. मी नट अर्धा फेरा सैल केला, पुन्हा आवळला, आणि पुन्हा चाळीस सेकंदांवर आणला. वाटीचा हिशेब त्या दिवसापासूनचा आहे.

मग टेप आली. पांढरी टेफ्लॉन टेप घरात असतेच, आणि पाणी आट्यांतून येत असणार हे मी गृहीतच धरलं होतं. दिसतंही तसंच, नट आणि कॉक यांच्या फटीजवळ ओल दिसते. मी मुख्य व्हॉल्व्ह पुन्हा बंद केला, कॉक काढला आणि कॉकच्या आट्यांवर टेपचे सात-आठ वेढे घेतले. मग वाटलं की वरच्या तोंडाला लवचिक नळी बसते तिथेही घ्यावेत, म्हणून तिथेही घेतले. नट आता चांगलाच जड फिरत होता. जड फिरतोय म्हणजे घट्ट बसतोय, अशी मी समजूत करून घेतली.

त्या संध्याकाळी नट आणि कॉक यांच्या फटीत ओल नव्हती. मी खूश. दोन तासांनी पाहिलं तर पाणी नटाच्या दुसऱ्या बाजूनं, म्हणजे जिथे पाइप नटात शिरतो तिथून, पाइपवर ओघळून वाटीत येत होतं. टेपनं गळती थांबवली नव्हती. तिनं फक्त बाहेर पडायची वाट बदलली होती.

शेवटी मी मामांना बोलावलं. मामा कारखान्यात देखभाल विभागात फिटर होते, निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली, पण वर्निअर आणि छोटा पाइप कटर अजून त्यांच्या पिशवीत असतो. ते सिंकखाली वाकले, टॉर्च मारला आणि पहिलंच वाक्य बोलले, "अगं, आट्यांवर टेप कुणी लावली?"

मी म्हटलं, "मीच. पाणी आट्यांतून येत होतं ना, मामा."

"आट्यांतून येत असेल तरी ते आट्यांमुळे नाही येत. या जोडात आटे पाणी अडवतच नाहीत. ते फक्त नटाला पुढे ओढतात." आणि मग त्यांनी जे सांगितलं ते मी इथे माझ्या शब्दांत लिहिते, कारण या एका गोष्टीवर पुढचं सगळं अवलंबून आहे.

कंप्रेशन जोडात कॉकच्या तोंडाशी आतल्या बाजूला शंकूसारखा एक उतार असतो. पाइप या तोंडातून आत जाऊन एका पायरीवर टेकतो. पाइपवर चढवलेली फेरूल त्या उतारावर येऊन बसते. नट फिरवला की तो फेरूलला मागून ढकलतो. उतारामुळे फेरूल पुढेही जाते आणि चहूबाजूंनी दबूनही जाते. पितळ मऊ असल्यामुळे एका बाजूला ती उतारावर गच्च बसते आणि दुसऱ्या बाजूला तांब्याच्या पाइपच्या अंगात किंचित रुतते. पाणी अडतं ते या दोन ठिकाणी, फेरूल आणि उतार यांच्यामध्ये, आणि फेरूल आणि पाइप यांच्यामध्ये. आट्यांपर्यंत पाणी पोचायलाच नको. पोचलं असेल तर त्या दोनांपैकी एक ठिकाण सुटलेलं आहे, आणि ते आट्यांवर काहीही गुंडाळून भरून येणार नाही.

टेपचं काम वेगळ्या प्रकारच्या आट्यांवर असतं. काही आटे निमुळते असतात, दर सोळा एककांना एक एकक बारीक होत जाणारे. ते एकमेकांत रुततात, तिथे आटेच पाणी अडवतात, आणि त्यांच्यामधली राहिलेली बारीक फट टेप भरून काढते. भिंतीतल्या एल्बोमध्ये फिरवून बसवायचा कॉक असेल तर तिथे टेप हवीच. माझ्या कॉकचा तो प्रकार नव्हता.

"आणि टेपनं अजून एक घोटाळा होतो," मामा म्हणाले. "नट जड फिरायला लागतो, हाताला वाटतं घट्ट झालं. ते जडपण टेपचं असतं, रिंगेचं नसतं. तुझा हातच तुला खोटं सांगायला लागतो." त्यांनी नट सोडून कॉक बाहेर काढला आणि त्याचं तोंड टॉर्चसमोर धरलं. उतारावर टेपचा एक पांढरा तंतू पडलेला होता, जेमतेम केसाएवढा, पण जिथे दोन धातू एकमेकांवर बसायला हवेत नेमका तिथे. आटे फिरवताना टेपची कड फाटून तो आत गेला होता. त्यांनी तो नखानं उचलला, माझ्या बोटावर ठेवला आणि काहीच बोलले नाहीत. बोलायची गरजही नव्हती.

पण टेप हे मूळ कारण नव्हतं, कारण गळती टेप लावायच्या आधीपासून होती. मूळ कारण शोधायला मामांनी कागद वापरला. वहीच्या पातळ कागदाच्या बोटभर रुंदीच्या चार पट्ट्या कापल्या. नट मागे सरकवून ठेवला, पाइपवरच्या जुन्या फेरूलच्या पुढे चहूबाजूंनी त्या पट्ट्या धरून कॉक पाइपवर चढवला आणि पाइप आतल्या पायरीवर टेकेपर्यंत हातानं दाबला. मग मला म्हणाले, "एकेक ओढ."

एक पट्टी फाटली. दुसरी अडखळत निघाली. उरलेल्या दोन सहज सरकून बाहेर आल्या, जणू तिथे काही नव्हतंच.

म्हणजे पाइप आत पायरीवर टेकला होता, पण फेरूल एका बाजूनंच उतारावर टेकली होती आणि दुसऱ्या बाजूला फट होती. पाइप आणखी आत जाऊ शकत नव्हता. फेरूल पाइपला रुतलेली, त्यामुळे तीही पुढे जाऊ शकत नव्हती. नट आवळला की तो फेरूलला ढकलायचा, फेरूल पाइपला ढकलायची, आणि पाइप पायरीवर जाऊन भिडायचा. सगळा जोर पाइपच्या टोकावर जात होता, उतारावर नाही. नट खराखुरा घट्ट होता. घट्ट होता तो भलत्याच जागी.

असं का झालं ते मामांनी वर्निअरच्या मागच्या पातळ दांडीनं मोजून दाखवलं. जुना कॉक मी सुदैवानं अजून फेकला नव्हता. त्याच्या तोंडापासून आतल्या पायरीपर्यंतची खोली सतरा मिलिमीटर भरली. नव्या कॉकची साडेपंधरा. दीड मिलिमीटरचा फरक. जुनी फेरूल ज्या दिवशी पहिल्यांदा आवळली गेली त्या दिवशी ती पाइपच्या टोकापासून ठराविक अंतरावर रुतून बसली, आणि ते अंतर जुन्या कॉकच्या खोलीला साजेसं होतं. नवा कॉक उथळ निघाला. दोन वेगवेगळ्या बनावटींचे कॉक, दोन्ही पंधरा मिलिमीटरच्या पाइपसाठी, नटाचे आटेही जुळणारे, पण आतली खोली वेगळी. ते बाहेरून कधीच दिसत नाही.

मी विचारलं, "मग सुरुवातीला आवळल्यावर गळती कमी का झाली? काही फरक पडलाच नसता ना?"

"फरक पडला, पण वाईट पडला. आता बघ." त्यांनी हॅक्सॉचं एक सुटं पातं घेतलं, टोकाला कापड गुंडाळून हातात धरलं, आणि फेरूलवर तिरका काप घ्यायला सुरुवात केली. काप आरपार जाऊ द्यायचा नाही. फेरूलची जाडी थोडी शिल्लक असतानाच थांबायचं, नाहीतर पातं पाइपवर चरा पाडतं. मग त्या कापात चपट्या पेचकसाचं टोक घालून पिळायचं. टक् असा आवाज आला आणि फेरूल उघडून पाइपवरून निघाली, मागोमाग नटही.

पाइपवर आता दोन कडी दिसत होती. मागचं कडं काळपट, क्षारानं भरलेलं, म्हणजे वर्षानुवर्षांपूर्वीचं. त्याच्या पुढे, साधारण एक मिलिमीटरवर, चमकदार ताजं कडं. आणि दोघांच्या मधल्या पट्ट्यात खरवडल्याच्या बारीक रेघा, पाइपच्या लांबीच्या दिशेनं. मी जोर लावला तेव्हा फेरूल जुन्या खाचेतून सुटून घासत पुढे सरकली होती. त्यामुळे ती उताराच्या जवळ गेली, धारेचे थेंब झाले, आणि मला वाटलं जोड बसतोय. पण ज्या जागी ती पाइपला धरून होती ती जागा तिनं सोडली आणि नव्या जागी रेघांवर जाऊन बसली. पाणी आता फेरूल आणि पाइप यांच्यामधून, त्या रेघांच्या नाल्यांतून येऊ लागलं. टेप लावल्यावर पाणी पाइपच्या बाजूनं ओघळलं त्याचं हेही एक कारण.

लांब दांड्याच्या पान्यानं आणखी एक गोष्ट केली होती. मामांनी वर्निअर ताज्या कड्यावर लावला तर तिथे पाइपचा बाहेरचा व्यास साडेचौदा मिलिमीटर आला. मागे चांगल्या भागात पूर्ण पंधरा होता. मी तांब्याचा गळा आवळला होता. अशा आवळलेल्या भागावर नवी फेरूल चढवली तर ती हलकी बसते आणि धरत नाही. म्हणून जुनी खाच असलेल्या पाइपवर त्याच जागी नवी फेरूल बसवायचा बेत सोडावा लागला. पाइपचं टोक कापणं भाग होतं.

इथे एक मोजमाप करावं लागतं, आणि ते कापायच्या आधी करावं लागतं. भिंतीपासून पाइपच्या टोकापर्यंत माझ्याकडे नव्वद मिलिमीटर पाइप होता. दोन्ही कडी जाऊन थोडा चांगला भाग मिळायला पंचवीस मिलिमीटर कापायचे होते. राहणारे पासष्ट नट आणि पाना दोन्हींना पुरेसे होते. कॉक तेवढाच भिंतीकडे सरकणार होता, आणि वरची लवचिक नळी थोडी ढिली असल्यानं तिला तो फरक चालत होता. तुमचा पाइप भिंतीतून चार बोटंच बाहेर असेल तर हे गणित जमणार नाही. तेव्हा पाइप वाढवून घ्यावा लागतो, आणि ते काम मी स्वतः करणार नाही.

कापायला हॅक्सॉ नको म्हणाले. हॅक्सॉचा काप तिरका होतो आणि तिरक्या टोकाचा पाइप पायरीवर एकाच बाजूनं टेकतो. छोट्या चाकाचा पाइप कटर पाइपवर बसवायचा, हलका आवळायचा, एक फेरा फिरवायचा, पुन्हा अगदी थोडा आवळायचा. सात-आठ फेऱ्यांत तुकडा आपोआप खाली पडला. घाईनं जास्त आवळला तर टोक आत दबतं आणि गोलाई बिघडते. कापल्यावर आतल्या कडेला जी धार उभी राहते ती गोल कानशीनं काढली. बाहेरच्या कडेवरून बोट फिरवलं, तिथेही किंचित धार लागत होती, तीही घासली. ही बाहेरची धार राहिली तर नवी फेरूल चढवताना तिच्या आतल्या अंगावर चरा पडतो.

मग पाइपचं टोक बारीक पॉलिश पेपरनं पुसायचं होतं. मी पेपर पुढे-मागे फिरवायला लागले तसा मामांनी हात धरला. "आडवा. गोल गोल फिरव. पाइपच्या लांबीच्या दिशेनं पडलेली रेघ म्हणजे पाण्याला काढून दिलेली वाट." गोल पडलेल्या रेघा पाण्याच्या वाटेला आडव्या पडतात, त्यानं काही बिघडत नाही.

मग पिशवीतून तो नवा नट आणि नवी फेरूल बाहेर आली, पहिल्या दिवशी मी बाजूला टाकलेली. आधी नट पाइपवर, तोंड कॉककडे. मग फेरूल. माझी फेरूल दोन्ही बाजूंनी सारखी निमुळती होती, त्यामुळे उलटी-सुलटी बसायचा प्रश्न नव्हता. काही फेरूलची एक बाजू लांब उताराची असते, ती उताराची बाजू कॉकच्या तोंडाकडे जायला हवी. फेरूल पाइपवर बोटानं सरकली, ना ढिली ना अडकणारी. व्यासाचा घोळ इथेच कळतो. अर्ध्या इंचाची म्हणून मिळणारी फेरूल पंधरा मिलिमीटरच्या पाइपवर खेळत असेल किंवा चढतच नसेल, तर ती त्या पाइपची नव्हेच, मग नट कितीही आवळा. आणि पाइप तांब्याचा नसून मऊ प्लास्टिकचा असेल तर त्याच्या आत धातूची किंवा कडक प्लास्टिकची एक छोटी नळी घालावी लागते, नाहीतर फेरूल पाइपलाच आत दाबते आणि जोड कधीच धरत नाही.

आट्यांवर काय लावायचं, तर काहीच नाही. मामांनी नटाच्या आट्यांना पिण्याच्या पाण्याला चालणाऱ्या ग्रीसचा एक ठिपका लावला, तोही फक्त नट सहज फिरावा म्हणून. मी विचारलं की काही जण फेरूलवर टेपचा एक-दीड वेढा घेतात, ते? "जुन्या, थोड्या ओरखडलेल्या पाइपवर वेळ मारून न्यायला चालतं. रिंगेवर, आट्यांवर नव्हे. नव्या पाइपवर, नव्या रिंगेवर कशाला?"

कॉक पाइपवर चढवला, पायरीवर टेकल्याचं हाताला लागलं तेव्हा नट बोटांनी जाईल तेवढा फिरवला, आणि मामांनी पाइपवर नटाच्या मागच्या कडेशी मार्करची एक रेघ मारायला लावली. आवळताना नट थोडा पुढे जातोच, पण रेघ त्याहून जास्त दूर गेली तर पाइप बाहेर सरकतोय हे लगेच कळतं. आता दोन पाने. एकानं कॉकचं अंग धरायचं, दुसऱ्यानं नट फिरवायचा, नाहीतर कॉक फिरतो आणि पाइपला पीळ पडतो. नटाच्या सहा बाजूंपैकी वरच्या बाजूवर मार्करनं खूण केली आणि बोटांनी घट्ट झाल्यापासून एक पूर्ण फेरा दिला. सहा बाजू मोजत, खूण परत वर येईपर्यंत. फेरूल पाइपला रुतू लागली तेव्हा पितळाचा बारीकसा कर्रर्र आवाज आला. हा आवाज मी पहिल्या दिवशी एकदाही ऐकला नव्हता. पंधरा मिलिमीटरच्या तांब्याच्या पाइपला साधारण एवढंच लागतं. बारीक नळ्यांना त्याहून कमी. कॉकसोबत आलेल्या कागदावर फेऱ्यांचा आकडा दिलेला असेल तर तोच पाळावा.

वरच्या तोंडावरची माझी टेपही त्यांनी सोलून काढली. लवचिक नळीच्या नटात रबरी वॉशर असतो, तिथे पाणी तो अडवतो. टेपनं त्या नटालाही शेवटपर्यंत बसू दिलं नव्हतं, फक्त तिथे गळती अजून सुरू झाली नव्हती. हातानं घट्ट करून पान्यानं पाव फेरा, बास. रबर आहे, चिरडायचं नाही.

पाणी सोडताना वरचा नळ उघडा ठेवला आणि मुख्य व्हॉल्व्ह हळू उघडला, हवा फसफसत निघून गेली. मग वरचा नळ बंद, म्हणजे दाब पूर्ण. मामांनी मला प्रत्येक गोष्ट आधी फडक्यानं कोरडी करायला लावली, नळाच्या बुडापासून खालपर्यंत, कारण वरून नळीवर ओघळलेलं पाणी खालच्या नटावर थांबतं आणि नट उगाच बदनाम होतो. मग टिश्यू पेपरची सुरळी करून तीन जागी टेकवली. नटाच्या मागे, पाइप शिरतो तिथे. नट आणि कॉक यांच्या फटीला. आणि वरच्या नळीच्या नटाखाली. तीन वेगळे तुकडे, म्हणजे कुठला भिजला ते कळतं. पंधरा मिनिटांनी तिन्ही कोरडे.

"आणि रात्रीतून ओल आली तर?" मी विचारलं.

"तर नटाच्या एका बाजूच्या अर्ध्याएवढं पुढे. तेवढ्यानं नाही थांबलं तर उघडून बघायचं. आवळत सुटायचं नाही." जाताना त्यांनी कापलेला पंचवीस मिलिमीटरचा तुकडा, दोन कड्यांचा, ओट्यावर ठेवला. मी तो अजून टाकलेला नाही.

रात्री कपाटाच्या तळावर कोरडा कागद पसरून ठेवला. सकाळी कोरडा. दुसऱ्या, तिसऱ्या, चौथ्या दिवशीही कोरडा. पाचव्या दिवशी त्याचा एक कोपरा ओला दिसला आणि माझ्या पोटात गोळा आला. मामांना फोन लावून "मामा, परत..." एवढं बोलून झालं होतं, तेवढ्यात त्या ओल्या डागात हळदीची पिवळी कड दिसली. वर भांडी घासताना सिंकच्या काठावरून सांडलेलं पाणी होतं ते. तिन्ही टिश्यू अजून जिथल्या तिथे होते, कोरडे, आणि वाटी उलटी करून ठेवलेली.